खिडकीशी ठेवलेला निळा ड्रम

मेहकरच्या उन्हाबद्दल लग्नात मला कोणी काही सांगितलं नव्हतं. आमच्याकडे समुद्राचं वारं, अंगाला घाम चिकटलेला, पण सावलीत बसलं की माणूस निवांत. इथे सावलीसुद्धा तापते. मिस्टर एसटीत ड्रायव्हर, डेपो मेहकर, म्हणून मी इथे. शाळा मी सातवीत सोडली होती, आणि चारशे मैलांवर येऊन पुन्हा शाळेतच राहायला गेले. म्हणजे जानेफळ रस्त्याला जे शेतीचं विद्यालय होतं, त्याच्या वसतिगृहाच्या मेसमागे दोन खोल्या होत्या, तिथे.

त्या खोल्या आम्हाला मिळाल्या त्या तिथल्या मॅडममुळे. मॅडम शेतीअवजारं शिकवत. मेसचा ओला कचरा फुकट जातो, घरोघरी वापरता येईल असं फिरत्या ड्रमचं खतयंत्र करून दाखवायचं, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. ड्रमांजवळ कायम कोणीतरी राहणारं माणूस हवं होतं. प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की खोल्या खरं तर बियाण्याच्या गोदामासाठी आहेत. जूनच्या तोंडावर शेतकरी मेळावा व्हायचा, त्यात प्रयोग दाखवण्याजोगा असला तर खोल्या राहतील, नाहीतर रिकाम्या करायच्या. त्या दिवसापासून मला झोपेतही कचरा दिसू लागला. भाड्याच्या खोलीसाठी आधी पायऱ्या झिजवून झाल्या होत्या. कोकणातली आहे म्हटल्यावर घरमालकीण विचारायची, तुम्ही रोज मासे तळणार का हो?

यंत्र साधंच. प्लास्टिकचा मोठा ड्रम आडवा, मधून लोखंडी पाइप, तो अँगलच्या घोडीवर टेकवलेला, बाजूला हँडल. एक झाकणाचं दार. अंगभर भोकं, आतून कचरा वर उचलून खाली टाकतील अशा पट्ट्या. दोन तृतीयांशच भरायचा, नाहीतर आत काही हलतच नाही, नुसता एक गोळा गोल फिरतो. असे तीन ड्रम. कचरा तिन्हींत एकच : कांद्याची सालं, चहाचा चोथा, भाजीचे देठ, टरबुजाची सालं बारीक करून, आणि जवळपास तेवढंच सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरतो तो भुसा. निळा ड्रम सगळी भोकं उघडी, एक दिवसाआड फिरवायचा, लागेल तसं पाणी शिंपडायचं. काळ्याला ओल तेवढीच, पण निम्मी भोकं चिकटपट्टीने बंद, आणि फिरवायचा फक्त बाजाराच्या दिवशी. पांढऱ्याला हवा निळ्याइतकीच, पण वरून पाण्याचा थेंब नाही.

मी विचारलं, तिन्हींच्या तीन तऱ्हा कशाला, जे चांगलं तेच तिन्हींना करावं. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "निळा आणि काळा बघितला की हवेचं कळेल. निळा आणि पांढरा बघितला की ओलीचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे भांडण कोणाशी आहे ते समजतं." हे मला इतकं पटलं की मी ते मिस्टरांवर वापरून पाहिलं. त्यांना पटलं नाही.

ओल बघायची रीत त्यांनी माझ्या हातात दिली. मूठभर कचरा घ्यायचा, दाबायचा. बोटांतून एखादा थेंब निघाला तर बरोबर, धार लागली तर जास्त, हात कोराच राहिला तर कमी. आत गज खुपसून ठेवायचा, थोड्या वेळाने काढून हात लावायचा. चटका बसला की आत काम चाललंय. शाळेने मला पाढे शिकवले होते, पण अमुक गोष्ट तुझ्या हातावर सोडली असं कोणी म्हटलं नव्हतं. मी तो गज दिवसातून इतक्यांदा काढायची की मेसची स्वयंपाकीण मावशी म्हणाली, "अवो बाई, त्याले शिजू तं दे. माह्या वरणातबी कोणी इतक्या खेपा डाव घालत नाही."

निळा ड्रम आमच्या खिडकीलाच लागून होता. सावली तिथेच होती, आणि नळही जवळ. पहिल्या आठवड्यात तो असा तापला की गज धरवेना, हँडल फिरवलं की भोकांतून वाफ यायची. मी गावी आईला फोनवर सांगितलं की आमचा कचरा छान तापलाय. तिला वाटलं मलाच उन्हाचा ताप आलाय.

मग निळा बिघडला. आधी गज कोमट निघाला, मग गार. मग वास सुटला, सडक्या अंड्याचा. हँडल फिरवलं की आत डबक्यात म्हैस लोळल्यासारखा आवाज, आणि झाकणाच्या कडेने काळं पाणी. मूठ दाबायची गरजच नव्हती, हात घातला की कोपरापर्यंत ओघळ. मी पाणी शिंपडणं केव्हाच बंद केलं होतं, तरी ओल वाढतच होती. बाहेर नळाला दिवसभर पाणी नाही आणि ड्रमात विहीर लागलेली.

पांढऱ्यात तोवर उलटाच कारभार. ऊन आणि वारा, दोन्ही उघडं, वरून पाणी नाही. देठ जसेच्या तसे वाळले. मावशीने झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाली, यात सांडगे बरे झाले, तळून पाहू का. काळा मात्र आपल्या चालीने, कोमट राहून, हळूहळू तपकिरी होत चालला होता. म्हणजे ज्याचं नाक दाबलं तो पुढे, आणि ज्याला मोकळी हवा दिली तो खाली बसलेला.

संशय माझ्यावर यायचाच होता. कोणी तोंडावर म्हटलं नाही, पण मेसमध्ये बोलणं चाललं होतं की ती पाण्याच्या मुलखातली बाई, तिकडे पाऊस पडला की सगळं आपोआप कुजते, तिला वाटलं असेल घाला अजून. प्राचार्य येऊन रुमाल नाकाला लावून गेले, आणि जाताना आमच्या खोलीचं दार किती रुंद आहे हे त्यांनी हाताने मोजलं. पोती आत जातील का ते बघत होते. त्या संध्याकाळी मी भांडी अर्धी बांधून ठेवली. उरलेली अर्धी स्वयंपाकाला लागत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मॅडम आल्या. आज ड्रम रिकामा करून बघू म्हणाल्या. आम्ही मागच्या बाजूला वळलो तर आमचे पहारेकरी चाचा, पांढरी दाढी, डोक्याला ओला पंचा, नळाची नळी निळ्या ड्रमच्या भोकात घालून निवांत उभे. दुसऱ्या हातात डांबराचं डबडं.

चाचांचं उन्हाळ्यातलं ठरलेलं काम होतं : पहाटेच्या नमाजानंतर वसतिगृहाचे सगळे कूलर भरायचे, आणि टाकी गळत असेल तिथे चिंधीला डांबर लावून बोळा दाबायचा. तापातून उठल्यापासून त्यांना वास येत नसे, म्हणून मेसमागे बसायचं काम आनंदाने त्यांच्याकडे.

मॅडमनी विचारलं, चाचा, हे काय चाललंय.

"कूलर भरून राह्यलो, और क्या," चाचा म्हणाले. "पण मॅडम, तुमचं हे मॉडेल बरोबर नाही. एक भोक बुजवलं की दुसऱ्या रोजी दुसरंच गळते. असं हरामी कूलर म्या जिंदगीत नाही पाह्यलं."

गळणारच होतं. मी फिरवायची, खालची भोकं वर जायची, वरची खाली यायची. ते बिचारे रोज तळाची बुजवत. असं करत करत जवळजवळ सगळी भोकं बुजली होती. ते काळे ठिपके मी पाहिले होते, मला वाटायचं गळून वाळलेलं पाणी आहे. म्हणजे हवाही गेली आणि पाणीही भरलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम चाचांना कोणी सांगितला नव्हता.

मॅडमचा चेहरा मला वाचता येईना. त्या हळूच म्हणाल्या, याला मोटर नाही, पंखा नाही, कूलर कसा वाटला तुम्हाला?

चाचांनी हँडलकडे बोट दाखवलं. "लोडशेडिंग हाय ना. म्या म्हटलं, हातानं फिरवायचं नवीन काढलं. खिडकीले लावलेलं, अंगाले भोकं, रोज ही बेटी फिरवते आन् तोंड पुसते. म्हटलं, समुद्राकडची पोरगी, हिले आपलं ऊन सोसत नाही, मॅडमनं हिच्यासाठी लावलं. मंग पानी काऊन नाही भरायचं?"

मला एकदम रडू आलं, आणि त्याच वेळी मॅडमना हसू फुटलं, आणि त्या हसताना खाली बसल्या. चाचा दोघींकडे आळीपाळीने बघत नळी धरून उभे. नळी अजून ड्रमातच होती.

मग दिवसभर चाचांनीच सळई तापवून एकेक बोळा काढला. पाणी निथळून घेतलं. जड चिखलासारखा कचरा पसरून त्यात कुटार मिसळलं, आणि पऱ्हाटी, कपाशीची वाळकी झाडं, बारीक तोडून घातली, म्हणजे आत फटी राहतील. कापूस निघून गेल्यावर पऱ्हाटी तिथे काय, बांधाबांधावर पडलेली. थेंब निघेल इतपत ओल झाली तेव्हा भरला, आणि काही दिवस रोज फिरवला. आधी वास उतरला. मग एका सकाळी गज काढला आणि मी हात झटकला. ते पाहून मावशी ओट्यावरून ओरडली, "भाजलं का? बरं झालं बाई."

मेळाव्याला लोक आले ते खरं तर बीटी कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटांचं विचारायला. कोणतं वाण, कुठे मिळेल, रांग किती. ड्रमांजवळ कोणी फिरकेना. खत कुठल्याच ड्रमात नीट तयार झालं नव्हतं. निळ्याची गाडी मध्येच चिखलात रुतली होती, काळा अर्धा, पांढऱ्यात सांडगे. प्राचार्य बाजूला घड्याळ बघत. माझा हात पदराच्या गाठीत.

मॅडमनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, आमच्याकडे तीन ड्रम होते, चौथा प्रयोग चाचांनी केला. आणि त्यांनी सगळं सांगितलं, कूलरसकट. गर्दी वळली. जो तो निळ्याची भोकं बघू लागला, डांबराचे डाग बोटाने खरवडू लागला. एकाने विचारलं, पाणी तं पिकाले पाहिजेच, मंग कचऱ्याले काऊन नको? मॅडम म्हणाल्या, पाहिजे, पण फटीत पाणी भरलं की हवेला जागा राहत नाही. हवेवर जगणारे जीव गुदमरतात, मग दुसरे येतात ते वास करतात. आणि पाणीच नसलं तर कोणीच जगत नाही, तो पांढरा बघा. कोणीतरी म्हटलं, असंच माह्या कपाशीचं झालं बा, वावरात पाणी तुंबलं अन् झाडं पिवळी. त्यावर दहा जण बोलू लागले.

डोणगावकडचा एक म्हातारा पऱ्हाटीचे तुकडे हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "दरसाल पाकीट नवं, अळी जुनीच. हे कांड्या तोडून घालणं बरं हाय, पण पोरी, ह्या ड्रमात माह्या वावरातली नांगराची एक तास तरी भरंन का?" मॅडम म्हणाल्या, नाही भरायची दादा, हे घरापुरतं, परसातल्या भाजीपुरतं. तो मान डोलवून म्हणाला, चला, खोटं तं नाही बोलल्या.

प्राचार्यांनी शेवटी एकच वाक्य म्हटलं, की हा प्रयोग अर्धा झालाय, पावसाळ्यात पुन्हा लावा, आणि यावेळी भोकांवर लक्ष ठेवायला बाईंना सांगा. बाई म्हणजे मी. मी घरी जाऊन भांडी सोडली.

दोन दिवसांनी दुपारी खिडकीशी खडखडाट झाला. चाचा गोदामातला एक गंजका कूलर दुसऱ्या एका घोडीवर चढवत होते, पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्या अर्ध्या झडलेल्या. निळा ड्रम त्यांनी चार हात दूर सरकवला होता आणि त्याच्यावर खडूने मोठी फुली मारली होती. लाईट नव्हती, तरी टाकी काठोकाठ भरली. भरून झाल्यावर त्यांनी वाकून तळाखाली पाहिलं, मग माझ्याकडे.

"बेटा," ते म्हणाले, "हे गळलं तं मले सांग. आपल्या मनानं फिरवू नको."