पिवळे हातमोजे

आमच्या कारखान्यात त्याला सगळे घार म्हणायचे. छताखालच्या क्रेनच्या केबिनमध्ये, चाळीस फुटांवर बसायचा आणि खाली पडलेला नटसुद्धा त्याला दिसायचा. मी खलाशी. म्हणजे बोजाला साखळी बांधायची आणि खालून हाताने इशारे करायचे. तर्जनी वर करून फिरवली की उचल. खाली करून फिरवली की सोड. पंजा सरळ धरला की थांब. वर त्याचे डोळे, खाली माझे हात. एकोणीस वर्षं आम्ही असंच काम केलं. एवढ्या आवाजात बोलून कुणाला ऐकू जाणार?

घार कामाला चोख. शिफ्ट सुरू होण्याआधी रिकामा हूक एकदा वर-खाली करून ब्रेक बघायचा. एक दिवस चुकवला नाही. जेवताना मात्र त्याच्यासारखा वात्रट माणूस नव्हता. माझ्या डब्यातलं अर्धं तोच खायचा आणि वर म्हणायचा, "वहिनींना सांग, मीठ जरा कमी टाका. तुझा रक्तदाब आहे."

एकदा त्याने मला पिवळेजर्द हातमोजे आणून दिले. "हे घाल. रुबाब दिसतो." मी घातले. आठ महिने घातले.

मग तो गुरुवार आला. मी 'थांब' केलं आणि बोजा थांबला नाही. वीतभर पुढे सरकून बोजा टेकवायच्या लोखंडी घोड्यावर आदळला. घोडा वाकला. माझा पाय तिथून हातभर लांब होता. फोरमनने चार जणांसमोर मला झापलं, "इशारा उशिरा दिलास. वय झालं तुझं." मी मान खाली घातली. घरी जाऊन आरशासमोर हात वर करून पाहिला. खरंच उशीर होतोय का? दोन दिवस तेच डोक्यात.

शनिवारी शिफ्ट सुटली. नळावर हात धूत होतो. घार शेजारी आला, साबण घेतला आणि नळाकडे बघत म्हणाला, "तुझा हात बरोबर होता. मलाच दिसला नाही. उजव्या डोळ्यापुढे धुकं आहे. वर्ष होत आलं."

"आणि डोळ्यांची वार्षिक तपासणी?"

"तक्ता पंधरा वर्षं तोच आहे. पाठ आहे मला." साबण खाली ठेवून म्हणाला, "मोजे पण त्याच्यासाठीच. जुने करडे मोजे दिसत नव्हते. कुणाला सांगू नकोस."

माझ्या तोंडात आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी ते गिळलं. म्हणालो, "सांगितलंस ते बरं केलंस. पण आत्ता बोललो तर वाकडं बोलेन. उद्या सकाळी घरी येतो."

घरी बायकोने विचारलं, "तोंडाला कुलूप लावलंय का?" म्हटलं, "माझं असतं तर सांगितलं असतं." तिने पुढे विचारलं नाही.

सोमवारी पत्रे दाबायच्या मोठ्या प्रेसचा सांगाडा उचलायचा होता. बावीस टन. वर घार, खाली मी. बोललो नाही तर उभा राहणार कसा? आणि वाटेल तसं बोललो, तर त्याने पुन्हा कुणालाच काही सांगितलं नसतं.

आमच्या कामात एक पद्धत आहे. बोजा कधी एकदम उचलायचा नाही. वीतभर उचलायचा, थांबायचं, तोल बघायचा. कलला तर खाली ठेवून साखळी पुन्हा बांधायची. मी ठरवलं, असंच बोलायचं.

रविवारी त्याच्या घरी गेलो. वहिनी बाजारात गेल्या होत्या. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच. त्याने चहा केला आणि निम्मा बशीबाहेर ओतला. दोघांनी पाहिलं.

"आधी एक," मी म्हणालो. "सांगणं सोपं नव्हतं, ते मला कळतंय." आणि थांबलो. त्याचे खांदे जरा खाली आले.

"दुसरं. मला डोळ्याचा राग नाही. डोळा कुणाचाही जातो. वाईट आठ महिन्यांचं वाटलं. मी हुकाखाली उभा होतो. धोका तुला माहीत होता, मला नव्हता."

"काही झालं का पण?"

"नाही झालं म्हणून बोलतोय. झालं असतं तर तुझ्या वहिनीने तुला त्याच हुकाला टांगलं असतं."

तो हसला नाही. पुन्हा थांबलो. मग जे जड होतं ते काढलं. "गुरुवारी फोरमन मला बोलत होता. तू केबिनमधून उतरून शेजारी उभा होतास. गप्प. दोन दिवस मी माझ्या हाताला दोष दिला. ते जास्त लागलं."

तो उठला. "तर जा, सांग सगळ्यांना! घार आंधळी झाली म्हणावं."

बोजा कलला होता. मी खाली ठेवला. "बस. आंधळा, खोटारडा असं मी काही म्हणालो का? काय लागलं तेवढंच सांगितलं."

बराच वेळ त्याने टेबलावरचा चहा पुसला. पुसून झालेलाच पुसत होता.

"मी कुणाला सांगणार नाही," मी म्हणालो. "ते तुझं आहे, तूच सांग. पण उद्या तू वर असशील तर मी खाली उभा राहणार नाही. आणि फोरमनने कारण विचारलं तर खोटं बोलणार नाही. हे आज तोंडावर सांगतोय, म्हणजे उद्या पाठीमागून केलं असं व्हायला नको."

"विश्वास उडाला म्हण ना सरळ."

"साखळीची कडी असतास तर तडा बघून भंगारात टाकलं असतं. तू कडी नाहीस. पुन्हा भरवसा बसेल, पण लगेच नाही. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी ये. फोरमनच्या दारापर्यंत मी सोबत येतो."

"आणि काम गेलं तर?"

"ते मला माहीत नाही," मी म्हणालो. खोटा धीर देऊन उपयोग नव्हता.

सोमवारी मी अर्धा तास आधी पोचलो. घार माझ्याही आधी येऊन उभा होता. दाढी घोटलेली. मी दाराकडे वळलो तर म्हणाला, "तू बाहेर थांब. आत मी एकटा जातो."

आतून फोरमनचा आवाज आला. मग आवाज खाली आला. वीस मिनिटांनी फोरमन बाहेर आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याच चार जणांना हाक मारून म्हणाला, "गुरुवारचा इशारा बरोबर होता. मी चुकीच्या माणसाला बोललो." मागे घार उभा होता. ते त्यानेच सांगितलं होतं, मी मागितलं नव्हतं. मला तेवढं पुरलं.

प्रेसचं काम पुढे ढकललं. मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया झाली. काम गेलं नाही, पण तीन महिने त्याला खाली माझ्या हाताखाली ठेवलं. साखळ्या ओढून त्याचे तळवे सोलले. पहिल्यांदा बोजा डोक्यावरून गेला तेव्हा दचकून माझी बाही धरली. "इथून असं दिसतं होय?"

"एकोणीस वर्षं," मी म्हणालो.

तपासणीला त्याने स्वतःच डॉक्टरांना सांगितलं, "तक्ता बदला, तो मला पाठ आहे." नवा आणला. त्याने शेवटची ओळ वाचली आणि कोपऱ्यातलं छापखान्याचं नावही.

प्रेस उचलायचा दिवस ठरला. मी चारही साखळ्या दोनदा तपासल्या. वर घार. त्याने रिकामा हूक वर-खाली केला, ब्रेक पाहिला. मी खिशातून जुने करडे मोजे काढले आणि घातले.

तर्जनी फिरवली. वीतभर उचल. पंजा. बोजा जागच्या जागी थांबला, केसभरही हलला नाही. तोल बरोबर. पुन्हा तर्जनी. बावीस टन लोखंड मधल्या अर्ध्या भिंतीवरून गेलं, वळलं आणि पायाच्या चार बोल्टांवर असं उतरलं की पहारही लावावी लागली नाही. फोरमनने टाळी वाजवली. मग सगळ्यांनी.

मशीन थांबली, शांतता झाली. केबिनची खिडकी उघडली आणि चाळीस फुटांवरून घार ओरडला, "ए खलाशी! डाव्या अंगठ्याला भोक पडलंय! शिवून घे!"

पाहिलं. खरंच होतं. वाटाण्याएवढं.