पट्टीवरचा बुधवार

पेंटरकाकांच्या पायाला लहानपणापासूनच भिंगरी होती. जेवताना ते अर्ध्यावर उठून नळ बंद झालाय का बघत, आणि नळ बंदच असे. बायको म्हणायची, हा माणूस एका जागी बसला तर मी डॉक्टरांना बोलावीन. धंदाही त्यांनी स्वभावाला साजेसा धरला होता. दुकानांच्या पाट्या रंगवायच्या, एक पाटी वाळते न वाळते तोच दुसरीच्या शिडीवर चढायचं. कमी अक्षरांत काम उरकण्यात त्यांचा हातखंडा होता आणि त्याची त्यांना घमेंडही होती.

चष्म्याच्या दुकानातल्या ताईंनी त्यांना वेळांचा तक्ता दिला तेव्हा काकांनी नुसती मान हलवली. सात वार, सकाळ-संध्याकाळ, अशी सगळी चौकट ताईंनी नीट आखून दिली होती. दुकानाच्या नावाखाली मात्र जेमतेम वीतभर उंचीची एकच पट्टी होती. एवढं सगळं तिथे मावणं शक्य नव्हतं. काकांनी सारख्या वेळेचे वार एकत्र केले, शिडीवरच मनातल्या मनात ओळ जुळवली आणि ब्रश चालवला: सोम–शुक्र ९–१, ४–८ · शनि ९–१ · रवि बंद.

ताई बाहेर येऊन वर बघत राहिल्या. बुधवारी आपण सहालाच बंद करतो, असं त्या म्हणाल्या. काकांनी तोपर्यंत शिडी मिटली होती. एका वारासाठी ओळ तोडली तर अक्षरं मुंगीएवढी होतील, ती रस्त्यावरून वाचणार कोण, आणि दोन तासांनी असं काय आभाळ कोसळतंय, असं त्यांनी विचारलं. आत गिऱ्हाईक खोळंबलं होतं. ताई तशाच आत गेल्या, आणि काकांनी तो होकार धरला.

पुढच्याच बुधवारी काकांच्या स्वतःच्या चष्म्याची दांडी निखळली. चष्म्याशिवाय त्यांना रेघ सरळ दिसेना, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या पाटीचं काम होतं. सहा वाजून गेल्यावर ते दुकानापाशी पोचले तेव्हा ताई शटर ओढत होत्या. काकांचं डोकंच फिरलं.

"अहो ताई, पाटीवर आठ लिहिलंय."

"लिहिलंय ना," ताई म्हणाल्या. "तुम्हीच लिहिलंय."

त्यांनी शटर पुन्हा वर केलं. काका लाजून म्हणाले की राहू दे, उद्या येतो. पण तेवढ्यात मागून आणखी एक बाई पाटीकडे बोट दाखवत आत शिरल्या, त्यांच्यामागे एक आजोबा. ताई कुणालाच नाही म्हणाल्या नाहीत. सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. काकांच्या दांडीचा स्क्रू त्यांनी सर्वांत शेवटी बसवला.

"घाई होती का कुठे?" काकांनी विचारलं.

"आईकडे जाते मी बुधवारी. वृद्धाश्रमात. साडेसहा ते साडेसातच भेटू देतात, आठवड्यातून एकदाच. ती दुपारपासून केस विंचरून बसते."

साडेसात वाजून गेले होते. चष्मा आता अगदी नीट बसला होता, आणि त्यातून ताईंचा चेहरा स्पष्ट दिसत होता. काकांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मोठी पाटी तशीच सोडून ते दुकानासमोरच्या पायरीवर कागद घेऊन बसले. नुसतं शेवटी 'बुध ४–६' जोडून चालेना; सोम–शुक्र वाचून माणूस तिथेच थांबणार, आणि त्या मधल्या रेघेत बुधवार येतोच. सकाळची वेळ सगळ्यांची एकदाच लिहिली तर ओळ आखूड होत होती, पण मग बुधवार शोधणाऱ्याला दोन ठिकाणी बघावं लागलं असतं. शेवटी त्यांनी ती रेघच काढून टाकली. प्रत्येक वार एकदाच आणि त्याची सगळी वेळ त्याच्याजवळ. जुनी ओळ पुसून, अक्षरं जरा दाटून त्यांनी लिहिलं: सोम, मंगळ, गुरु, शुक्र ९–१, ४–८ · बुध ९–१, ४–६ · शनि ९–१ · रवि बंद. पट्टीच्या दोन्ही टोकांना बोटभर जागा उरली. दुकानाच्या वेबसाइटवर तळाशी जुनीच ओळ होती, तीही त्यांनी ताईंना समोर उभं राहून बदलायला लावली.

पुढच्या बुधवारी सहाच्या सुमाराला काका समोरच्या फुटपाथवर येरझाऱ्या घालत होते. काम काही नव्हतं. एक माणूस लगबगीनं आला, त्यानं वर पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि परत वळला. शटर खाली आलं. ताईंना काका दिसले, त्यांनी लांबूनच चष्म्याकडे बोट करून नीट बसलाय ना असं खुणेनं विचारलं, आणि भराभर चालत बसस्टॉपकडे गेल्या. बोलायला त्या थांबल्या नाहीत, याचं काकांना फार बरं वाटलं.