चहाचे डाग पडलेला कागद

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरना सगळे पाठीमागे ‘मास्तरीणबाई’ म्हणत आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. घरी निघालेल्या पेशंटच्या माणसांची तोंडी परीक्षा घेतल्याशिवाय त्या कुणाला हलू देत नसत.

त्या दिवशी हृदय कमजोर झालेले एक आजोबा घरी निघाले होते. चार पानी डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, ‘द्रवपदार्थ दिवसाला दीड लिटर.’

“काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा,” सिस्टर आजोबांच्या सुनेला म्हणाल्या.

“पाणी दीड लिटरच द्यायचं. वर चहा, दूध, सूप आहेच की.”

सिस्टरनी कपाळाला हात लावला आणि कोरा कागद ओढून ठळक अक्षरांत लिहिलं: ‘सकाळी दीड लिटरची बाटली भरा. पाणी तिच्यातूनच द्या. चहा, दूध, सूप, काहीही प्यायले की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाका. बाटली संपली की पिणं संपलं. रोज सकाळी लघवीनंतर, खाण्याआधी वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा पाय सुजले तर फोन करा. दम लागला तर लगेच आणा.’

डॉक्टरांनी कागद वाचला आणि खाली सही केली.

पंधरा दिवसांनी आजोबा तपासणीला आपल्या पायांनी चालत आले. फाइलमधलं कार्ड कोरं करकरीत होतं. सिस्टरचा कागद मात्र चहाच्या डागांनी भरला होता आणि मागे रोजचं वजन लिहिलेलं होतं.

“फार घाण झालाय हो,” सून ओशाळून म्हणाली.

सिस्टरची मान ताठ झाली. “असू दे. वाचलेला कागद असाच दिसतो.”