चहानंतरचा विषय

राहनाळच्या गोदाम मालक संघाची वार्षिक मिटिंग आटोपली, की विनिताचं खरं काम सुरू व्हायचं. अकरा मालक दोन तास एकमेकांच्या बोलण्यात बोलणार, आणि त्या कालव्यातून हिने तक्ता काढायचा. खर्चाचं सदर, रक्कम, मंजुरी कोणाची. चौदा वर्षं ती संघाच्या ऑफिसात हेच करत होती. हल्ली मोबाईलवर रेकॉर्डिंग करता येई, एवढीच काय ती सोय. कानांना मात्र सुट्टी नव्हती.

सकाळी शटर उघडून तिने इअरफोन लावले. पहिलाच विषय गटाराचा. "दोन ऐंशी लागतील," मालकांपैकी केसरीनाथांचा आवाज. मग घासाघीस, मग "बरं, अडीच." गटाराचं अडीच म्हणजे अडीच लाख, हे तिला कोणी सांगायला नको होतं. शेवटी ठरला तोच आकडा धरायचा, मधले सगळे सोडायचे. आणि लगेच टक, टक. अध्यक्ष दाजी तोंडाने 'मंजूर' म्हणत नसत. संघातले निम्मे त्यांचे भाऊबंद. एकाला हो म्हटलं की दुसऱ्याला राग येणार, म्हणून ते टेबलावर दोनदा बोट आपटत. चौदा वर्षांत त्या आवाजाला कोणी हरकत घेतली नव्हती. तिने लिहिलं: गटार दुरुस्ती, २,५०,०००, दाजी.

कॅमेरे, १,४०,०००, दाजी. शेऱ्यात 'तीन दरपत्रकं आल्यावर'. गेटवरच्या वॉचमनला नवा गणवेश आणि टॉर्च, १८,०००. इथे टकटक नव्हती, पण पंचवीस हजारांपर्यंतची किरकोळ खरेदी खजिनदार देवेश स्वतः मंजूर करू शकत, आणि ते स्पष्ट म्हणाले होते, "घेऊन टाका, माझ्या सहीवर." म्हणून तिथे देवेश.

मग चहा आला. रेकॉर्डिंगमध्ये कपबशा वाजल्या, खुर्च्या सरकल्या. आणि त्या गोंगाटात केसरीनाथ म्हणाले, "अरे, विनिताच्या पगाराचं काय? साडेबारात कसं भागायचं तिचं? चौदा तरी करा."

विनिताचा हात थांबला. मिटिंगमध्ये ती तेव्हा कप भरत होती, तिने हे अर्धवटच ऐकलं होतं. महिन्याला दीड हजार वाढले असते, तर सासूच्या औषधांची उधारी तरी फिटली असती.

"द्यायलाच पायजे," कोणीतरी म्हणालं. "चांगली हाय बाई," आणखी कोणी. आणि मग, टक. एकच.

तिने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तीनदा ऐकलं. एकदाच टक, आणि त्यामागे बशीचा किणकिणाट. दाजींनी कप ठेवला होता. तिने इअरफोन काढून ठेवले.

'मंजूर' लिहिलं असतं तर कोणी विचारलंही नसतं. पण चार वर्षांपूर्वी गेटच्या रंगाला कोणी नाही म्हटलं नाही, म्हणून तिने 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं होतं. पुढे बिल आलं तेव्हा सगळे छताकडे बघत बसले, आणि बोलणी तिला बसली. तेव्हापासून नावाशिवाय मंजुरी नाही, हा तिचाच नियम होता. तिने लिहिलं: कर्मचारी वेतनवाढ, वार्षिक १८,०००, चर्चा झाली, मंजुरी नाही.

दुपारी दाजी सही करायला आले. चष्मा नाकावर ओढून शेवटच्या ओळीपर्यंत गेले.

"मंजुरी न्हाय? सगळे तर हो बोलले."

"बोलले सगळे, दाजी. मंजूर कोणी केलं नाही. तुम्ही कप ठेवलात."

दाजी हसले नाहीत. "बरोबर लिवलंस," ते म्हणाले. "पण आता मी एकट्यानं वाजवलं तं बाकीचे बोलतील, मिटिंगबाहेर कसा? पुढल्या मिटिंगला घेऊ."

विनिताने कपाट उघडून मागच्या वर्षीचा तक्ता त्यांच्यासमोर ठेवला. त्यामागचाही. दोन्हींच्या शेवटच्या ओळीत तीच वेतनवाढ, तेच 'चर्चा झाली, मंजुरी नाही', तिच्याच अक्षरात. दाजींनी दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं.

"दरवर्षी चहानंतरच येतो हा विषय," ती म्हणाली. तिला रागही येत नव्हता, नुसतं थकून गेल्यासारखं वाटत होतं.

तिने पुढच्या मिटिंगच्या नोटिशीचा कागद घेतला, विषय क्रमांक एकसमोर 'कर्मचारी वेतनवाढ' लिहिलं आणि सहीसाठी दाजींकडे सरकवला. दाजींनी सही केली. पेन खाली ठेवताना टेबलावर टक झालं, आणि विनिताने दुसऱ्या टकची वाट न पाहता सही झालेली नोटीस उचलली.