बायोलॉजीच्या मॅडमचं फुग्याचं पत्र

ये, पत्रातच का होईना, अशी जवळ सरक. आणि आधी रागावून घेऊ दे मला. वैजापुरात बसून फोनवर "आई, कागदावर दमा-बिमा काही लिहू नका, उद्या पोरीला पाहायला कोण येईल" असं म्हणायला तुझं काय जातं गं? तू म्हणलीस आणि फोन ठेवलास. इथं मुकुंदवाडीत माझ्या जिवाला आठवडाभर थारा नव्हता. फोनवर तू निम्मंच ऐकतेस, म्हणून सगळं लिहून काढतेय. पुरतं वाच, मग बोल.

तुझी भाची यंदा अकरावी सायन्सला. तिच्या बायोलॉजीच्या मॅडमनी पालकांना पत्र धाडलं. मी काही शाळेत गेलेली नाही, नातवंडांच्या पुस्तकांतून अक्षरं लावत लावत शिकले, तरी मला ते सरळ कळलं इतकं साधं लिहिलेलं. पोरं वर्गात फुग्यानं फुप्फुसाची हवा मोजणार. फुगा आधी हातानं ताणून सैल करायचा. एकदा नेहमीसारखा श्वास घ्यायचा आणि नेहमीसारखाच फुग्यात सोडायचा. मग दुसऱ्यांदा छाती भरून श्वास घ्यायचा आणि निघेल तेवढा सगळा फुग्यात ओतायचा. तोंड चिमटीत धरायचं, फुग्याची रुंदी पट्टीनं मोजायची, आणि तक्त्यावरून हवा किती ते काढायचं. तीन-तीनदा करून सरासरी. ज्याचा फुगा त्यानंच वापरायचा. आणि खाली ठळक अक्षरांत: 'फुगा मोठा झाला म्हणून गुण मिळणार नाहीत. पाल्याला दमा, सर्दी-खोकला किंवा रबराची अॅलर्जी असल्यास अवश्य कळवावे.' त्याखाली लिहायला जागा आणि पालकांची सही.

तुझ्या भावानं ते मोठ्यानं वाचलं आणि हसला. "गुण मिळणार नाहीत म्हणे! असं सगळेच लिहितात. प्रॅक्टिकलचे मार्क मॅडमच्याच हातात. ज्याचा फुगा मोठा, त्याच्यावर नजर जाणारच."

"पप्पा, तसं नसतंय हो," पोरगी म्हणाली.

"तू गप. माझी दहावी झाली तेव्हा तुझ्या मॅडम पाळण्यात होत्या."

आणि संध्याकाळी स्टेशनाकडून फुग्यांचं पाकीट घेऊन आला बाई! शर्यतीला खोंड तयार करावं तशी पोरीची तालीम सुरू. "घे श्वास. आणखी घे. आता सोड, सोड, थांबू नको!" पहिले दोन फुगे झाले. तिला बी गंमत वाटत होती, नाय म्हणत नाही. तिसऱ्याला तिनं मधीच तोंड काढलं. खोकला लागला, आणि मग छातीत ती शिट्टी. तुला ठाऊक आहे ती शिट्टी. ती पुढं वाकून, गुडघ्यांवर हात टेकून बसली. आत घेतलेला श्वास बाहेर पडेना.

तुझी वहिनी आधी कुठं धावली असेल? पोरीकडं? नाय. दाराकडं. कडी लावली, खिडकी ओढून घेतली. शेजारची आपल्याच भावकीतली, फुलंब्रीकडची, तिच्या कानावर खोकला जाऊ नये म्हणून! मग कपाटातल्या साड्यांखालून दम्याचा निळा पंप काढला. पोरीनं ओढला, जरा थांबून परत ओढला, आणि हळूहळू छाती मोकळी झाली. तुझा भाऊ हातातला रिकामा फुगा घेऊन भिंतीला टेकून उभा.

मला वाटलं, आता तरी लिहितील. सकाळी पाहते तर त्या जागेत वहिनीनं लिहिलेलं, 'काही त्रास नाही', आणि खाली सही.

"अगं, काल डोळ्यांनी पाहिलंस ना?" मी म्हणलं.

"आई, वर्गात भावकीतल्या दोन पोरी आहेत. आज वर्गात कळलं की उद्या फुलंब्रीला, परवा वैजापूरला. ताई बी तेच म्हणाल्या." ताई म्हणजे तूच. "आणि ती हळूच फुंकेल. हो ना गं?"

पोरीनं पत्र दप्तरात कोंबलं आणि निघाली.

मला बसवेना. भाकरी थापताना हात थांबायचा. चहा गार व्हायचा. शेवटी एका सकाळी पोरीच्या मागं मागं कॉलेजात गेले. मॅडम तरुण, साधी, मला खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं.

"बरं झालं सांगितलंत, आजी," ती म्हणाली. "दम्याच्या मुलांना मी बाहेर काढत नाही. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोर लावून फुंकायचं नाही. ही मोजमाप घेईल, तक्ता करेल. कामात काही कमी नाही."

"आणि मोठ्या फुग्याला मार्क?"

ती हसली. "आजी, उंच पोराचा फुगा मोठा होणारच. फुग्याचं रबरसुद्धा उलट जोर करतं, त्यामुळं हे माप अंदाजाचंच. आणि कितीबी फुंकलं तरी थोडी हवा फुप्फुसात राहतेच. मार्क कसले द्यायचे?" मग पत्र माझ्यापुढं सरकवलं. "पण हे मला आई-वडिलांकडून लिहून हवं. आणि पंप रोज तिच्या दप्तरात हवा. आज आहे ना?"

मी पोरीकडं पाहिलं. पोरगी खाली पाहत होती. पंप घरी. साड्यांखाली. इतके दिवस ती तीन मजले चढत होती, मैदानावर पळत होती, आणि पंप घरी!

घरी आले ती तडक वहिनीसमोर. पत्र ठेवलं. "मॅडमला मी सांगितलं. आता मला बोल, काय बोलायचं ते. पण एक सांग, त्या संध्याकाळसारखं वर्गात झालं तर तू कपाट उघडायला कॉलेजात जाणार हायेस का?"

ती चिडली. "तुम्हाला कुणी सांगायला सांगितलं? पोरगी माझी हाय!"

"व्हय, तुझीच. म्हणून तर तुलाच लिहायला लावतेय."

तिनं पत्र ओढून घेतलं, परत वाचलं. मग पोरीला विचारलं, "जिन्यावर कधी झालं होतं का गं?"

"दोनदा," पोरगी म्हणाली. "पायरीवर बसून राहिले. मैत्रिणीला सांगितलं, चप्पल तुटली."

वहिनीनं पेन घेतलं. 'काही त्रास नाही' वर आडवी रेघ मारली, आणि लिहिलं, 'दमा आहे. पंप दप्तरात ठेवला आहे.' सही तुझ्या भावानं केली.

प्रयोग झाला. पोरगी पट्टी घेऊन वर्गभर फिरली. म्हणाली, साध्या श्वासाचा फुगा संत्र्याएवढा आणि छाती भरून फुंकलेला पार वेगळाच, "आजी, एवढी हवा आपल्यात असते आणि आपण वापरतच नाही!" डोळे चमकत होते. पण जेवताना हातातला घास ताटात ठेवला. भावकीतल्या पोरीनं विचारलं होतं, "तू का नाही फुगवला?" हिनं खरं सांगितलं. आता ते फुलंब्रीला पोचलंच असेल, आणि तुझ्यापर्यंत बी. वहिनी दारात कुणी आलं की दचकते. मला बी रात्रीची नीट झोप नाही, खोटं कशाला सांगू. बरोबर केलं हे ठाऊक आहे, तरी जीव ठिकाणावर नाही.

आणि पोरगी सारखी विचारते, "आत्या रागावली का माझ्यावर? तिचा फोन का येत नाही?"

मी काय सांगू तिला? तूच सांग. फोनवर नको. तिच्यासमोर बस, तिच्या दप्तरातला पंप एकदा हातात घेऊन बघ, आणि वहिनीशी चार शब्द गोड बोल. या रविवारी ये. सकाळचीच एसटी धर, जेवायला थांबते मी.