एक जानेवारीला जतन झालेलं वेळापत्रक

लग्नानंतर मी ओतूरजवळच्या आमच्या गावी राहून पुण्यातल्या कंपनीचं काम करायला लागले. घरात शेती माझे दीर बघतात. शेतीच्या मोटरला थ्री फेज लाईट कधी सकाळी, कधी दुपारी, कधी रात्री. वेळ बदलली की ती सगळ्यात आधी कळायची ओतूरच्या बाजारातल्या मोटर वाइंडिंगवाल्याला, कारण वायरमन त्याच्याच दुकानात चहाला बसायचा. वाइंडिंगवाला दिरांचा शाळेपासूनचा मित्र. त्याच्याकडे एक जुना कंप्युटर होता. त्याने त्यावर वेळ टाकायची आणि गावातल्या लोकांनी फोनवर बघायची, असं छोटं ॲप मी करून दिलं.

आमच्याकडे रेंज जेमतेम. म्हणून फोन दर वेळी सगळं पान मागत नसे. पान मिळताना त्यासोबत ते शेवटचं कधी बदललं याची तारीख, सेकंदापर्यंतच्या वेळेसकट, यायची. फोन ती जपून ठेवायचा आणि पुढच्या वेळी एवढंच विचारायचा, की या तारखेनंतर काही बदललंय का? नसेल तर दुकानातला कंप्युटर ‘बदल नाही’ एवढंच कळवायचा आणि फोन स्वतःजवळचं जुनं पान दाखवायचा. यात मी काही नवीन शोधलं नव्हतं, वेबवर सगळीकडे हीच पद्धत असते.

एकदा दीर दुपारी कांद्याच्या रोपाला पाणी द्यायला गेले आणि कोरडेच परत आले. लाईट सकाळी येऊन गेली होती. त्यांच्या फोनवर दुपारची वेळ, माझ्या फोनवर सकाळची. दोन्ही फोन जेवणाच्या ताटाशेजारी ठेवून आम्ही बराच वेळ बघत बसलो. सासूबाईंनी दोन्ही फोन पाहिले आणि दिरांचा फोन जास्त महागाचा आहे, म्हणून तो बरोबर असणार, असा निकाल दिला.

मी वाइंडिंगवाल्याला फोन केला. वायरमनने सांगितल्याबरोबर वेळ बदलली, असं तो म्हणाला. वाडीवर चौकशी केली, तर सगळ्यांकडे दुपारचीच वेळ. बरोबर वेळ दिसत होती फक्त मला. मी चाचणीसाठी ॲप सारखं काढून पुन्हा घालायचे, त्यामुळे माझ्या फोनकडे जुनी तारीखच नसायची आणि त्याला पान पूर्ण मिळायचं.

कारण सापडलं नाही, पण पुढची बदललेली वेळ सगळ्यांकडे बरोबर आली आणि काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका वादळात लाईट गेली, आली, वेळ बदलली आणि पुन्हा तेच झालं. दीर परस्पर वायरमनला फोन करायला लागले, हे मला जास्त लागलं.

शेवटी मी दुकानात गेले. वाइंडिंगवाला तांब्याची तार गुंडाळत होता. मी वेळापत्रकाच्या फाइलची तारीख बघितली. एक जानेवारी, तेही कितीतरी वर्षांपूर्वीचं.

“हे तुम्ही कधी सेव्ह केलं?”

“परवा. लाईट आली, वायरमनचा फोन आला, लगेच टाकलं.”

“कंप्युटर एक जानेवारी म्हणतोय.”

“तो लाईट गेली की तसंच म्हणतो, वहिनी. नेट आलं की येतो ताळ्यावर. त्याचा आतला सेल लई दिवसापास्नं गेलाय.”

त्याने हे सवयीने सांगितलं. सेल नसल्यामुळे लाईट गेली की कंप्युटरचं घड्याळ मागे जाऊन एक जानेवारीपासून पुन्हा सुरू व्हायचं. नेट येईपर्यंतच्या त्या वेळात सेव्ह केलेल्या फाइलला तीच जुनी तारीख चिकटायची. घड्याळ नंतर सुधारलं, तरी फाइलची तारीख सुधारत नसे. मग फोन विचारणार, गेल्या आठवड्यानंतर काही बदललंय का? कंप्युटर एक जानेवारी बघून म्हणणार, नाही. आणि लाईटच्या वेळा बदलायच्या त्या नेमक्या लाईट जाऊन आल्यावरच.

वाइंडिंगवाल्याने शेजारच्या घड्याळाच्या दुकानातून नाण्याएवढा सेल आणून बसवला. हाही सेल कधीतरी जाणारच, म्हणून मी नियम बदलला. तारीख पुढची आहे का, हे न बघता फक्त वेगळी आहे का, हे बघायचं. घरी येताना एसटीत लक्षात आलं, की घड्याळ दर वेळी त्याच एक जानेवारीपासून निघालं, तर दोन वेगळी वेळापत्रकं एखाद्या दिवशी त्याच सेकंदावर पडू शकतात, आणि त्या तारखेत सेकंदापेक्षा बारीक काही नसतं. मग तारखेचा नादच सोडला. वेळापत्रकाच्या मजकुरावरूनच एक खूण काढली. मजकूर बदलला की खूण बदलते, आणि फोन आता ती खूण जुळवतो.

त्यानंतर तक्रार आली नाही. दिरांना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजी आता बरोबर दिसतं?”

“हो.”

“बरं झालं,” ते म्हणाले, आणि वायरमनला फोन लावून त्यांनी ॲपमधली वेळ बरोबर आहे का ते विचारून घेतलं. बरोबर होती. रोप बरंचसं वाचलं. जे जळालं होतं तिथे सासूबाईंनी मेथी टाकली.