चाळीस बायका आणि सहा चौकोन

उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये जीन्सच्या दुकानावरच्या पोटमाळ्यावर विक्रांतचा डिझाइन स्टुडिओ आहे. बारवी धरणाकडच्या पाड्यांतल्या गरोदर बायकांसाठी आरोग्याचं अ‍ॅप करायचं काम आम्हाला मिळालं. चित्रं काढायची जबाबदारी अंबरनाथच्या हर्षदाची. मी तिच्या शेजारी बसून कोड लिहितो आणि तिची बोलणी खातो.

त्वचेच्या रंगांचे सहा चौकोन विक्रांतने स्वतःच तयार केले होते. नावं होती गोरा, गव्हाळ, मध, कॉफी, चॉकलेट आणि डार्क चॉकलेट. हर्षदा म्हणाली, "सर, माणसं काढायचीयत की मेनूकार्ड?"

रंग खऱ्या बायकांचेच आहेत, पाड्यांवरच्या चाळीस जणींच्या पासपोर्ट फोटोंवरून उचललेत, असं विक्रांतने अभिमानाने सांगितलं. फोटो जवळच्याच एका फोटोवाल्याकडचे. तो माणूस मोठा दानशूर. प्रत्येक चेहरा छापण्याआधी उजळ करतो, तेही फुकट. चाळीसच्या चाळीस बायका एकाच पावडरच्या डब्यातून बाहेर पडल्यासारख्या दिसत होत्या.

हर्षदा स्वतः पाड्यावर गेली. फोनचा ब्युटी मोड बंद केला, बायकांना झाडाच्या सावलीत बसवलं आणि प्रत्येकीच्या हातात रंग पडताळायचं राखाडी कार्ड देऊन फोटो काढले, म्हणजे उजेडाने फसवू नये. गाल, कपाळ, तळहात यांचे रंग वेगवेगळे घेतले. परत येऊन चौकोन काढून टाकले आणि चित्रातल्या बाईचा रंग बोटाने बदलायला दोन सरकपट्ट्या केल्या. एक फिकट ते गडद, दुसरी पिवळसर ते तांबूस. सावलीत नुसता काळा मिसळला की चेहरा राखेसारखा दिसतो, म्हणून सावलीचे आणि ओठांचे रंगही त्वचेबरोबर बदलतील असे बसवले. गडद पार्श्वभूमीवर गडद चेहरा बुडतो का, तेही तपासलं. विक्रांत म्हणाला, "इतना कौन देखता है?"

बघायला वेणू होती. पाड्यावरची आरोग्यसेविका. तिला पटलं तरच बाकीच्या बायका अ‍ॅप उघडणार, म्हणून अ‍ॅप द्यायच्या आदल्या दिवशी आम्ही तिच्याकडे फोन घेऊन गेलो. तिने मनगट स्क्रीनला लावलं, पट्टी सरकवली आणि रंग जुळल्यावर खूश झाली. हर्षदा तर माझ्याकडे विजयी मुद्रेने बघत होती.

मग वेणू एकेक पान बघत गेली. "रंग झ्याक हाय. पन ही दागदरीन गोरी, नर्स गोरी. आमच्या रंगाच्या समद्या लायनीतच उभ्या."

विक्रांतवर ढकलायची सोय नव्हती. ती सगळी चित्रं हर्षदाची होती. स्वतः सावळी, लग्नाच्या बाजारात दोनदा नाकारलेली हर्षदा; तिनेही डॉक्टरीण काढताना सहज फिकट रंग भरला होता. मला तिची कीव आली आणि मलाही ते दिसलं नव्हतं याची लाज वाटली.

"हे मीच केलंय, वेणूताई," ती म्हणाली. "उद्या अ‍ॅप नाही देत."

वेणूने फोन परत केला नाही. "उद्या कशाला? आत्ता कर. मी बसते हितं."